फटीतला निरोप आणि फवारणीचं विष

प्रश्न : सिनॅप्सच्या स्लाइडमध्ये चेतातंतू आणि स्नायू यांच्यात फट दिसते. संदेश ती कशी ओलांडतो? फवारणीचं विष तिथे काय बिघडवतं?

उत्तर : विजेचा संदेश फटीपाशी थांबतो. तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरतं आणि तिथल्या इवल्या पिशव्या ॲसिटिलकोलीन फटीत सोडतात. ते पलीकडच्या ग्राहींवर बसलं की स्नायू आकसतो. लगेच कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करतं.

मोनोक्रोटोफॉस हे फवारणीचं विष नेमकं हेच विकर जखडतं. ॲसिटिलकोलीन साचतं, लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडून लुळे पडतात. उपचारात दिलेलं ॲट्रोपिन ग्रंथींवरच्या ग्राही अडवून स्राव आटवतं. स्नायूंवरच्या ग्राही वेगळ्या असल्याने लुळेपणा मात्र त्याने जात नाही. म्हणून श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर लागतो.