कामाचे तास कमी मागणारा अर्ज

आमच्या कापड दुकानातल्या सेल्समनने लिहिले, 'सेठ, अम्मी आजारी आहे, थोडे दिवस लवकर सोडावे.' थोडे म्हणजे किती? आम्ही अर्ज परत केला. खरे तर जवळ बसवून विचारायला हवे होते.

दुसऱ्या अर्जात सारे होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार अम्मीचे डायलिसिस, दर वेळी चार तास. त्या दिवशी सातऐवजी तीनला सुटी हवी. डायलिसिस थांबणारे नव्हे, म्हणून मुदत भाऊ सौदीहून परतेपर्यंत, 31 मार्च. आठवड्याच्या 48 तासांतून 12 गेले, तेव्हा पगारात चौथाई कपात, 16 हजारांचे 12 हजार. संध्याकाळचे गिऱ्हाईक कोण पाहील, तेही सोबत्याला विचारून लिहिले होते.

त्याच कागदावर आम्ही मंजुरीची सही केली आणि नक्कल त्याला दिली.