आहारातील 'क' जीवनसत्त्वाची सोपी परीक्षा

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायत भागात शाळूची भाकरी, डाळ किंवा पिठले आणि शेंगदाण्याची चटणी हा नित्याचा आहार होय. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकल्यास तो गर्द निळा होतो, कारण तीत पिष्ट असते. डाळीतून प्रथिने व शेंगदाण्यातून स्निग्धांश मिळतो. तरीही हा आहार समतोल नाही, कारण कोरड्या धान्यात व कडधान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते फार काळ न मिळाल्यास हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, जखमा लवकर भरत नाहीत व अंगावर रक्ताचे डाग उमटतात. या रोगास स्कर्व्ही म्हणतात.

हे जीवनसत्त्व निळ्या रंगाच्या साहाय्याने पाहता येते. अर्धा चमचा तांदळाचे पीठ कपभर पाण्यात उकळून निवू द्यावे. वरची निवळ एक चमचा घेऊन अर्ध्या पेल्यात पाणी घालून मिसळावी व तीत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळे झालेले पाणी दोन सारख्या वाट्यांत समान ओतावे. एकीत ताज्या लिंबाचा गाळलेला रस थेंबाथेंबाने घालून ढवळावे व रंग जाईपर्यंत थेंब मोजावेत. दुसरीत पंधरा मिनिटे उकळलेला रस तसाच घालावा. उकळताना आटलेले पाणी आधी भरून काढावे, नाहीतर रस घट्ट होऊन तुलना चुकते.

समजा, ताज्या रसाचे १० व उकळलेल्या रसाचे १५ थेंब लागले. थेंब जितके अधिक, तितके जीवनसत्त्व कमी. म्हणून १० भागिले १५, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश जीवनसत्त्व उरले व एक तृतीयांश नष्ट झाले, असे समजावे.

या परीक्षेस मर्यादा आहे. फळांतील तुरट द्रव्येही आयोडीनचा रंग घालवितात. म्हणून निरनिराळ्या फळांची तुलना न करता एकाच फळाचा ताजा व शिजविलेला रस पडताळावा. डाळिंबाच्या लाल रसात रंगबदल नीट दिसत नाही. 'अ' जीवनसत्त्व या रीतीने कळत नाही. त्याच्या उणिवेची खूण संध्याकाळी न दिसणे, म्हणजे रातांधळेपणा, ही होय. आयोडीन विषारी असल्याने परीक्षेचे पाणी कोणीही चाखू नये व बाटली मुलांपासून दूर ठेवावी.

उपाय घरचाच आहे. एक मध्यम पेरू प्रौढाची दिवसाची 'क' जीवनसत्त्वाची गरज भागवितो. पेरू नसेल त्या दिवसांत मटकीला मोड आणावेत. कोरड्या मटकीत नसलेले हे जीवनसत्त्व मोड येताना काही प्रमाणात तयार होते. मोड फार शिजवू नयेत, आणि लिंबू भाजी चुलीवरून उतरविल्यावरच पिळावे.