वास्तुशांतीचा खर्च आणि एका चलातील समीकरण



आठवीला एका चलातील समीकरणं शिकवताना पुस्तकातली उदाहरणं मुलं सोडवतात, पण त्यात जीव रमत नाही. यंदा वर्गातल्या एका मुलीकडे वास्तुशांत होती. घराचे हप्ते सुरू झालेले, त्यामुळे बाबांनी आकडा ठरवून टाकला होता: 50,000 रुपये, वर एक रुपया नाही. तिच्या घरच्यांना विचारून त्यांच्या खर्चाची वही आम्ही फळ्यावर मांडली. दर त्यांच्या गावचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. रीत मात्र तीच राहील.

पायरी 1 : खर्चाचे दोन भाग

पाहुणे दहा येवोत की दोनशे, काही खर्च बदलत नाही:

- गुरुजी व एक सहायक यांची दक्षिणा : 7,500
- पूजा व होमाचे साहित्य : 4,000
- तोरण, हार, केळीचे खांब : 3,500
- मांडव व खुर्च्या : 3,000

हे झाले 18,000. दुसरा भाग माणसांप्रमाणे वाढतो. जेवणाचं एक पान 220 रुपये. रिटर्न गिफ्ट म्हणून स्टीलचा डबा 100 रुपये, पण तो माणशी नाही, कुटुंबाला एक. इथे बरीच मुलं चुकली. त्यांनी 150 पाहुण्यांना 150 डबे धरले!

पायरी 2 : पहिला हिशोब

यादीत 50 कुटुंबं होती. सरासरी घरटी 3 माणसं धरली, तर एका कुटुंबाचा खर्च 3 × 220 + 100 = 760 रुपये. पन्नास कुटुंबांचे 38,000. त्यात 18,000 मिळवले की 56,000. म्हणजे 6,000 जास्त, आणि हाताशी शिल्लक काहीच नाही.

पायरी 3 : कात्री कुठे लावायची?

मुलं लगेच म्हणाली, "सर, सजावट कमी करू." करून पाहिलं. सजावट निम्मी केली तरी 1,750 रुपयेच वाचतात, म्हणजे आठ पानांपेक्षाही कमी. दक्षिणेत घासाघीस करावी हे घरच्यांना पटत नव्हतं. खरा खर्च पाहुण्यांच्या यादीत होता. पण यादीतली नावं खोडायची तर आजी अडून बसल्या, "ज्यांनी आपल्याला बोलावलं, त्यांना मी कशी वगळू?"

तोडगा मुलीच्या आईनेच काढला. जवळच्या नातेवाइकांना दुपारचं जेवण, आणि शेजारी व ओळखीच्यांना संध्याकाळी तीर्थप्रसाद, चिवडा, कॉफी. संध्याकाळचा खर्च माणशी 40, म्हणजे डब्यासह कुटुंबामागे 220 रुपये. आयत्या वेळच्या खर्चाला 2,000 बाजूला ठेवले. 50,000 मधून 18,000 आणि 2,000 गेले, उरले 30,000.

दुपारी जेवणारी कुटुंबं x मानली:

760x + 220(50 − x) = 30,000
540x = 19,000
x = 35.18…

इथे थांबून विचारा, "35 की 36?" नेहमीच्या सवयीने मुलं जवळच्या पूर्णांकात उत्तर देतात. इथे ते 35 च येतं, पण कारण वेगळं आहे. उत्तर 35.8 आलं असतं तरी 35 च घ्यावं लागलं असतं, कारण पैशाची मर्यादा ओलांडायची नाही. 35 कुटुंबं दुपारी, 15 संध्याकाळी, एकूण खर्च 47,900. शिल्लक 2,100 आणि कुणीही वगळलं गेलं नाही.

कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी

वही खरी असल्यामुळे या गोष्टीही वर्गात निघाल्या. केटररला जितकी पानं सांगाल तितक्यांचे पैसे बहुधा द्यावेच लागतात, जेवणारे कमी आले तरीही. म्हणून आकडा देण्याआधी घरोघरी फोन करून "तुमच्याकडून किती जण?" हे विचारावं. 105 पानांऐवजी 120 सांगून 105 च जेवले, तर 15 × 220 = 3,300 रुपये वाया जातात.

गुरुजींना आधीच विचारावं की साहित्य ते आणणार की आपण आणायचं. हे नीट न ठरल्यास तेच साहित्य दोनदा विकत घेतलं जातं. पूजेत जागोजागी ठेवायची सुट्टी नाणी, पाण्याचे जार, गुरुजींचा जाण्यायेण्याचा खर्च या गोष्टी यादीत सहसा नसतात. ते 2,000 त्यासाठीच.

घरचा अभ्यास

1. पानाचा दर 250 झाला, तर दुपारी किती कुटुंबं बोलावता येतील?
2. घरटी सरासरी 3 ऐवजी 4 माणसं आली, तर काय होईल? हिशोब करा आणि आजींना काय सांगाल तेही दोन ओळींत लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांसोबत बसून काढायला सांगा. पालकहो, त्या वेळी तुमच्या एखाद्या कार्याची जुनी वही मुलांपुढे ठेवा आणि अंदाज कुठे चुकला होता ते त्यांनाच शोधू द्या.