लुटुपुटूची लढाई : पिलांच्या खेळाचा एक अभ्यास

दिवाळी सरून पांझरेच्या काठाने थंडी उतरू लागली, की पिंपळनेरच्या गल्लीबोळांतून, खळ्यांवरून आणि बाजारपेठेच्या मागच्या मोकळ्या जागेतून गावठी कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. आपल्याकडील मोकाट कुत्री बहुधा पावसाळ्याअखेरीस माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी, वितात. त्यामुळे मार्गशीर्ष-पौषात ही पिल्ले ऐन खेळण्याच्या वयात असतात. एकमेकांच्या मानेला धरून लोळणारी, गुरगुरणारी ही पिल्ले पाहून शाळेतील मुले हमखास विचारीत, "गुरुजी, ही खरेच भांडतात का?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, म्हणून त्याचाच येथे थोडा सविस्तर विचार करावयाचा आहे.

जन्मल्यावर पहिले दोन आठवडे पिल्लू आंधळे व बहिरे असते. दूध पिणे आणि उबेला बिलगणे एवढेच त्याचे जग. तिसऱ्या आठवड्यात डोळे-कान उघडतात, पाय धरतात, आणि त्याच सुमारास खेळास आरंभ होतो. प्रथम तो भावंडाच्या कानाला तोंड लावण्याइतकाच असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र त्याला रीतसर आकार येतो. या वयात सुईसारखे टोकदार दुधाचे दात आलेले असतात, परंतु जबड्यात जोर नसतो. निसर्गाने ही सांगड मोठी सोयीची घातली आहे. चावा बोचतो, कळ उठते. पण हाड मोडत नाही.

आता एक डाव क्रमाने पाहू. तांबडे पिल्लू काळ्या पिलासमोर येते, पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवते आणि मागचा भाग वर ठेवून शेपूट हलवते. हे खेळाचे आमंत्रण. मग ते वळून पळते. काळे त्याच्यामागे धावते, गाठते, खांद्यावर पाय टाकून खाली पाडते आणि मानेचे कातडे तोंडात धरून डोके इकडून तिकडे झटकते. उंदीर किंवा ससा हाती लागल्यावर मोठे कुत्रे त्याला मारण्यासाठी अशीच झटक देते. म्हणजे हालचाल शिकारीची, मात्र जोर काढून घेतलेली. काळ्याने जरा जास्त दाबले, की तांबडे 'क्यांव' करून ओरडते. काळे क्षणभर थांबते, मागे सरते, पुन्हा कोपरे टेकवते आणि खेळ पुढे सुरू होतो. थोड्याच वेळात तांबडे वर असते आणि काळे पाठीवर.

मधल्या त्या दुसऱ्या आमंत्रणाकडे मार्क बेकॉफ या अमेरिकन प्राणिवर्तनतज्ज्ञाचे लक्ष गेले. त्यांनी कुत्रा, लांडगा आणि कायोटी (उत्तर अमेरिकेतील कोल्ह्यासारखा प्राणी) यांच्या पिलांचे खेळ चित्रित करून बारकाईने तपासले. कोपरे टेकवण्याची ही खूण केवळ खेळाच्या प्रारंभी येत नाही. जेथे गैरसमज होण्याचा संभव, म्हणजे विशेषतः मान धरून झटकण्याच्या आधी किंवा लगेच नंतर, तेथे ती अधिक येते, असे त्यांनी 1995 साली दाखवून दिले. लिहिताना आपण विरामचिन्हे घालतो, तसेच हे झाले. 'आता जे करणार आहे, किंवा आत्ताच जे केले, ते खेळातले समज,' एवढा त्याचा अर्थ.

खरे भांडण कसे ओळखावे, हेही यातून समजते. खेळात तोंड सैल व उघडे असते, हालचाली गरजेपेक्षा मोठ्या आणि उसळत्या असतात, आणि पाठलाग करणारा व पळणारा आपापली जागा बदलतात. भांडणात अंग ताठ होते, ओठ मागे खेचले जातात, नजर रोखलेली राहते. गुरगुरणे दोन्हीकडे असते. म्हणून केवळ आवाजावरून निर्णय करू नये. शंका वाटली तर एक सोपी परीक्षा आहे. वर असलेल्या पिलाला हळूच बाजूला करावे आणि खाली सापडलेले काय करते ते पाहावे. ते पुन्हा त्याच्याच अंगावर धावून गेले, तर खेळ होता. शेपूट पायांत घालून दूर निघून गेले, तर नव्हता.

खेळातील आणखी एक गोष्ट मुलांना फार नवलाची वाटे. थोराड पिल्लू आपणहून खाली पडते. आखाड्यातला वस्ताद लहान पोराशी खडाखडी करताना जसा स्वतःहून चीत होतो, तसेच. कॅमिल वॉर्ड, एरिका बाऊअर आणि बार्बरा स्मट्स यांच्या 2008 मधील अभ्यासात एकाच विणीतील पिलांपैकी नर पिल्ले मादी पिलांशी खेळताना अशी पडती बाजू अधिक वेळा घेत असल्याचे दिसले. सदैव एकच जिंकणार असेल, तर दुसरा खेळायला येणार नाही. आणि खेळगडी नाही म्हणजे खेळ नाही. बळ असूनही ते आवरण्याचे हे पहिले शिक्षण भावंडांच्या गोतावळ्यात होते.

प्रत्येक प्राण्याच्या पिलाचा खेळ मात्र सारखा नसतो. धनगरवाड्यावर शेळीचे करडू पाहावे. ते कोणाच्या मागे लागत नाही. एकाएकी चारी पायांवर उसळते, हवेतच अंग वळवते, दगडावर चढून उडी घेते आणि भावंडाच्या कपाळाला कपाळ भिडवते. शिकार होऊ शकणाऱ्या जातीची ही तयारी पळण्याची आणि तोल सावरण्याची आहे. टक्कर ही पुढे कळपात जागा मिळवण्याची. मांजरीचे पिल्लू दबा धरते, मागचा भाग हलवून झेप घेते आणि हलणाऱ्या दोऱ्यावर पंजा मारते, कारण मांजर एकटीने, दबा धरून शिकार करते. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते टोळीने धावून सावज दमवतात, म्हणून पिलांच्या खेळात पाठलाग आणि मानेची पकड अधिक. पिलाचा खेळ पाहून त्याच्या जातीचा पोटापाण्याचा उद्योग बराचसा ओळखता येतो.

यावरूनच कार्ल ग्रूस या जर्मन विचारवंताने 1896 मध्ये प्राण्यांच्या खेळावर ग्रंथ लिहून मांडले, की खेळ ही प्रौढ जीवनाची तालीम होय. आपल्यालाही हे लगेच पटते. तथापि, पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. टिम कॅरो यांनी मांजराच्या काही पिलांना खेळण्याच्या वस्तू दिल्या, काहींना दिल्या नाहीत आणि मोठेपणी दोन्ही गटांची शिकार ताडून पाहिली. 1980 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. वस्तूंशी खेळलेली मांजरे अधिक चांगली शिकारी ठरली नव्हती. झेप, पंजा, दबा या हालचाली पिलाच्या अंगातच असतात. मग मांजरी करते काय? ती आधी मेलेला, नंतर अर्धमेला आणि शेवटी जिवंत उंदीर पिलांपुढे आणून सोडते. कोणत्या सावजावर, कोठे दात रोवावयाचे, हा अनुभव त्या खऱ्या उंदरापाशी मिळतो, दोऱ्यापाशी नाही. तेव्हा 'खेळला म्हणून शिकारी झाला' असे सरसकट म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पाठ्यपुस्तकी उत्तरात हा भाग बहुधा गाळला जातो.

खेळाचा उपयोग अधिक ठळकपणे दिसतो तो सहवासाच्या बाजूला, आणि याचा उत्तम पुरावा उंदरांनी दिला आहे. प्रयोगशाळेतील उंदराची पिल्ले खेळताना एकमेकांच्या मानेच्या मागच्या भागाला नाक घासण्यासाठी झटतात. खऱ्या भांडणात ती कुल्ल्यांवर चावतात. म्हणजे खेळ हे भांडणाचे लहान रूपसुद्धा नव्हे. त्याचे लक्ष्यच निराळे. जी पिल्ले खेळण्याच्या वयात एकटी ठेवली जातात, ती मोठेपणी अनोळखी उंदरासमोर गोंधळतात. कोठे नमते घ्यावे, कोठे स्तब्ध राहावे, हे त्यांना उमगत नाही, आणि जे प्रकरण सहज मिटले असते ते चाव्यांवर जाते. डोरोथी आयनन यांच्या प्रयोगांत, एकट्या ठेवलेल्या पिलांना दिवसाकाठी तासभर सवंगड्यांशी खेळू दिले, तरी हे दुष्परिणाम बव्हंशी टळले.

खेळ फुकटचा नसतो, हेही लक्षात घ्यावे. पेरूच्या किनाऱ्यावर रॉबर्ट हारकोर्ट यांनी फर-सीलच्या पिलांचे निरीक्षण केले. तेथे समुद्रसिंहांनी मारलेली 26 पिल्ले त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांपैकी 22 त्या क्षणी उथळ पाण्यात खेळण्यात दंग होती. आपल्या रस्त्यांवर वाहनाखाली सापडणारी पिल्लेही पुष्कळदा एकमेकांमागे धावत असतात. इतकी किंमत मोजूनही खेळ टिकून आहे, म्हणजे त्याचा लाभ काही ना काही असलाच पाहिजे, असा जीवशास्त्रज्ञांचा तर्क आहे.

पालकांच्या दृष्टीने या विषयाचा एक व्यावहारिक भाग उरतो. गोंडस दिसते म्हणून तीन-चार आठवड्यांचे पिल्लू घरी उचलून आणण्याची आपल्याकडे रीतच आहे. वसतिगृहात एका मुलाने असेच एक पिल्लू दप्तरातून आणले होते. चार महिन्यांत ते मुलांच्या पोटऱ्या रक्त निघेपर्यंत चावू लागले, आणि सर्वांनी त्याला 'पिसाट' ठरवले. ते पिसाट नव्हते. 'क्यांव' ऐकून जबडा सैल करण्याचा धडा ज्या आठवड्यांत भावंडांकडून मिळावयाचा, त्याच आठवड्यांत ते एकटे पडले होते. इटलीतील संशोधकांनी 2011 मध्ये 140 कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा 30 ते 40 दिवसांच्या वयात आईपासून तोडलेल्या कुत्र्यांत भीती, अति भुंकणे आणि खेळताना चावणे यांसारख्या तक्रारी दोन महिन्यांनी नेलेल्या कुत्र्यांहून अधिक आढळल्या.

म्हणून पिल्लू पाळावयाचेच असेल, तर ते आठ आठवडे भावंडांत राहू द्यावे आणि तोवर आईला तेथेच भाकरी घालावी. पोरके पिल्लू आधीच घरी आले असेल, तर ते हाताला चावताच खेळ तत्काळ थांबवावा, हात हळूच काढून घेऊन पाठ फिरवावी आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळावे. मारू नये, कारण मार हा त्याच्या लेखी खेळाचा नव्हे, भांडणाचा भाग ठरतो. शक्य असल्यास त्याच वयाच्या दुसऱ्या पिलाची गाठ रोज घालून द्यावी. हीच काळजी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या करडाबाबतही घ्यावी लागते. लहान बोकडाच्या कपाळाला तळहात लावून त्याला ढकलण्यात मुलांना गंमत वाटते. करडाच्या भाषेत ते टकरीचे आमंत्रण असते, आणि वर्षभराने शिंगे आलेला तोच बोकड ते आमंत्रण घरातील म्हाताऱ्या माणसाला देऊ लागतो.