स्विस पद्धतीतील फेऱ्यांचा हिशेब आणि शालेय बुद्धिबळ स्पर्धा

खेळाडू पुष्कळ आणि दिवस एकच, अशा शालेय बुद्धिबळ स्पर्धेत साखळी पद्धत परवडत नाही, कारण सत्तावन्न मुलांनी प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर 1596 डाव होतात. आणि बाद पद्धतीत पहिल्याच फेरीनंतर निम्मी मुले घरी जातात. यातून काढलेली वाट म्हणजे स्विस पद्धत होय. 1895 मध्ये झुरिच येथे ती प्रथम वापरली गेली. या पद्धतीत कोणीही बाद होत नाही, प्रत्येक फेरीत समान किंवा जवळचे गुण असलेले खेळाडू समोरासमोर येतात, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावली जात नाही.

वाईतील एका शालेय स्पर्धेत, जिथे सत्तावन्न मुले होती आणि बक्षीस समारंभ दुपारी ठरलेला असल्यामुळे पाचच फेऱ्या ठेवल्या होत्या, या पद्धतीची खरी मर्यादा उघडी पडली. बरोबरीचे डाव क्षणभर बाजूला ठेवले, तर प्रत्येक फेरीत पूर्ण गुणवाल्यांची संख्या साधारण निम्मी होते. सत्तावन्नांत पहिल्या फेरीत अठ्ठावीस पट लागतात आणि उरलेल्या एकाला पुढे चाल, म्हणजे न खेळता एक गुण, मिळते. म्हणून एक गुण असलेले एकोणतीस होतात. दुसऱ्या फेरीत त्यांच्या चौदा जोड्या लागतात आणि विषम उरलेला एक जण खालच्या गटात उतरून शून्य गुणवाल्याशी खेळतो. असा उतरलेला दर वेळी जिंकला, तर पूर्ण गुणवाले पुढे पंधरा, आठ, चार आणि पाचव्या फेरीअखेर दोन उरतात. त्या स्पर्धेतही नेमके दोघे पाच गुणांवर राहिले, आणि दोघांची एकमेकांशी गाठच पडली नव्हती. सहावी फेरी असती, तर नियमानुसार ती त्याच दोघांत झाली असती. म्हणून बत्तीसपर्यंत खेळाडू असतील तर पाच आणि चौसष्टपर्यंत सहा फेऱ्या, हा हिशेब परिपत्रक काढण्यापूर्वीच करावा लागतो, आणि नोंदणी वाढली की तो पुन्हा तपासावा लागतो.

वेळ नव्हता, हे कारण मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. त्या स्पर्धेत प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला पाच सेकंदांची भर अशी वेळमर्यादा होती. साठ चालींच्या डावाला त्यात चाळीस मिनिटे लागतात, आणि निकाल गोळा करून पुढच्या जोड्या लावण्याची पंधरा मिनिटे धरली, तर पाच फेऱ्यांना 275 मिनिटे होतात. मूळ वेळ दहा मिनिटे केली असती, तर सहा फेऱ्या 270 मिनिटांत आटोपल्या असत्या. शालेय गटात, जिथे बरेच डाव घड्याळ संपण्याआधीच चुकीने संपतात, वेळ कापून फेरी वाढवणे हे फेरी कापण्यापेक्षा केव्हाही रास्त होय.

दोघांतील पहिला ठरवण्यासाठी मग बुखोल्झ गुण, म्हणजे प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज, पाहण्यात आली. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक बलवान त्याची कामगिरी अधिक कठीण, हा त्यामागचा तर्क योग्य आहे. परंतु एका मुलाचा आधीच्या फेरीतील प्रतिस्पर्धी गावाकडची एस.टी. गाठण्यासाठी जेवणानंतर न सांगता निघून गेला होता, त्याचे गुण तेथेच थांबले आणि त्यामुळे विजेत्याच्याच बेरजेत घट झाली. न खेळलेल्या डावांची वेगळी मोजणी नियमांत आणि संगणकीय प्रणालीत असते, पण कागदावर बेरीज करताना ती हमखास गळते. निघून जाणाऱ्याचे नाव पुढच्या जोड्या लावण्यापूर्वी काढले नाही, तर दुसरा एक मुलगा रिकाम्या पटासमोर बसून फुकटचा गुण घेतो आणि न कमावलेल्या गुणगटात जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक शाळेच्या शिक्षकाकडून दुपारच्या सत्राआधी हजेरी घ्यावी.

याहून कमी दिसणारा दोष मानांकनाचा, म्हणजे खेळाडूंच्या बलानुसार लावलेल्या आरंभक्रमाचा, असतो. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी क्रमाने खेळतो, म्हणजे सत्तावन्नांत पहिला एकोणतिसाव्याशी. यादी नोंदणीच्या क्रमाने लावली, तर या विभागणीला काही अर्थच राहत नाही आणि दोन तुल्यबळ मुले पहिल्याच फेरीत भिडतात. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे स्पर्धांची जुनी परंपरा आहे आणि त्या जिल्ह्यातून येणाऱ्या काही मुलांना आंतरराष्ट्रीय गुणांकन असते. ते आधी, मग गतवर्षीच्या तालुका-जिल्हा स्पर्धांतील क्रम, आणि शेवटी इयत्ता, असा क्रम लावल्यास यादी बऱ्यापैकी खरी होते. एकाच शाळेची मुले आपसात भिडू नयेत ही शिक्षकांची मागणी मान्य करायची असेल, तर ती पहिल्या दोन फेऱ्यांपुरती आणि परिपत्रकात आधीच लिहून मान्य करावी. शेवटच्या फेरीत ती पाळली, तर आघाडीचे दोघे पुन्हा एकमेकांना न भेटताच घरी जातात.