रात्रीची गोळी आणि जटामांसी

माझ्या सासूबाई रात्री क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी बरीच वर्षं घेत होत्या. छातीत धडधड आणि जीव घाबरा होणं यासाठी डॉक्टरांनीच ती दिली होती. पुढे कुणीतरी जटामांसी सुचवली आणि झोपताना दुधातून चमचाभर चूर्ण सुरू झालं. त्यात जर्मनीहून आलेल्या नणंदेनं लेमन बामचा चहा आणला. तोही रात्रीचाच.

पहिले काही दिवस झोप छान लागली. मग सकाळी दहापर्यंत डोळ्यांवर झापड राहू लागली, बोलणं जड झालं, आणि एकदा बाथरूमच्या दारात त्यांचा तोल गेला. आम्ही वयाला दोष देत होतो. डॉक्टरांनी मात्र गोळ्यांखेरीज आणखी काय घेता, हे खोदून विचारलं. तोवर चूर्ण आणि चहा औषधांच्या यादीत धरावेत, हे घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

दोन्ही वनस्पतींचा लौकिक जुना आहे. हिमालयातल्या जटामांसीची मुळं चरकानं संज्ञास्थापन द्रव्यांत गणली आहेत. लेमन बाम म्हणजे आपला गवती चहा नव्हे, ती पुदिन्याच्या कुळातली भूमध्य प्रदेशातली वनस्पती; सौम्य ताण आणि झोपेसाठी युरोपात तिचा पारंपरिक वापर आजही मान्य आहे. पण मन शांत करण्याचा हाच गुण झोपेच्या गोळीसोबत अडचणीचा ठरू शकतो, कारण गुंगीत गुंगीची भर पडते. क्लोनाझेपामचा निम्मा अंश शरीरातून जायलाच तीस-चाळीस तास लागतात. म्हणजे काल रात्रीची गोळी पुरती उतरलेली नसताना आजची पोटात जाते, आणि वर हे दोन घटक.

डॉक्टरांनी चूर्ण आणि चहा बंद केला. गोळी तशीच ठेवली. हे नीट लक्षात घ्या, कारण घरोघरी नेमकं उलट होतं: 'नैसर्गिक' ते चालू आणि गोळी एकदम बंद. रोजची अशी गोळी अचानक सोडली तर झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात. आठवड्याभरात सासूबाईंच्या सकाळी मोकळ्या झाल्या.

अल्प्राझोलाम, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, फिट्सची औषधं, दुखण्यावरचं ट्रामाडोल आणि दारू यांच्या बाबतीतही हाच धोका धरून चालावं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लेमन बामबद्दल आधी विचारावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना दोन्हींची नावं आधीच सांगावीत. साधारण दोन आठवडे आधी ती थांबवायला सांगतात. आणि माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर कॉफी पाजत बसू नका, १०८ला फोन करा आणि चूर्णाची डबीही दवाखान्यात सोबत न्या.