मुक्तछंदातला श्वास

तीस वर्षं मुक्तछंदात लिहितो आहे. छंद सोडला की लय आपोआप येते असं सुरुवातीला वाटायचं. ती येत नाही, बांधावी लागते. वृत्ताची मोजपट्टी हातात नसताना मी ती कशी बांधतो, ते इथे मांडतो.

१. ओळ कुठे तोडायची ते श्वासाला विचारावं.

एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनात वाचत होतो. ओळ होती, ‘दिवाळीला सगळे जमले, फराळ झाला, पण त्या घरात आता आई राहत नव्हती’. कागदावर ती मला सुंदर वाटत होती. वाचताना ‘आता आई’पाशी दम संपला आणि तिथेच श्वास घ्यावा लागला. समोरच्यांना ऐकू आलं, ‘त्या घरात आता आई’. पुढचे दोन शब्द येईपर्यंत त्यांनी आईला घरात बसवून टाकलं होतं. ‘राहत नव्हती’ने कळ उठायला हवी होती, तिथे नुसता गोंधळ झाला.

तेव्हापासून कच्चा खर्डा उभं राहून मोठ्याने वाचतो. हातात पेन्सिल असते आणि श्वास जिथे खरोखर घेतला जातो तिथे एक उभी रेघ मारतो. हे तीनदा करायचं, त्यातलं एकदा दुसऱ्या दिवशी, चाल विसरल्यावर. तिन्ही वेळा रेघ एकाच जागी पडली तर ओळ तिथे तुटते. रेघा इकडेतिकडे पडल्या तर दोष ओळीत असतो, तेव्हा वाक्यच मोडून पुन्हा बांधावं लागतं.

माझा सावकाश वाचनाचा एक श्वास साधारण २४ उच्चारांचा आहे. उच्चार मोजायचे, लिहिलेली अक्षरं नव्हेत. ‘निवडत’ लिहिताना चार अक्षरं दिसतात, पण जीभ ‘निव्-डत्’ असे दोनच ठोके देते. वृत्तात लिहिणाऱ्याची मोजणी अक्षरांची किंवा मात्रांची असते, आपली कानाची.

अमेरिकन कवी चार्ल्स ओल्सन यांनी १९५० साली ओळीचं नातं श्वासाशी जोडणारा निबंध लिहिला. ॲलन गिन्सबर्ग यांनी १९५६च्या ‘हाऊल’मधली लांबलचक ओळ एका श्वासाचं एकक म्हणून धरली. मी त्यांचं मोजमाप घेतलं नाही, कारण तो श्वास त्यांचा होता. प्रत्येकाने आपला मोजावा.

२. मराठी वाक्य क्रियापदावर बसतं. त्याला दर वेळी बसू देऊ नये.

माझ्या मते मराठी मुक्तछंदातला सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि त्यावर आवाज खाली उतरतो. प्रत्येक ओळ एक वाक्य झाली की प्रत्येक ओळीला आवाज त्याच पायरीवर उतरतो. माझ्या एका कवितेचा पहिला खर्डा असा होता:

रात्री लाइट गेली होती.
आई ओट्यावर बसली होती.
पुढ्यात मेथीची जुडी होती.
अंधारातच ती निवडत होती.

उच्चार मोजले तर ८, ९, ९, ९. शेवटी चारदा ‘होती’. इथे वृत्त नाही, तरी एकसुरीपणा वृत्ताहून जास्त आहे. वृत्तात निदान यती असते, लघु-गुरूंची हालचाल असते. इथे नुसती हजेरी घेतल्यासारखं होतं.

बऱ्याच फेऱ्यांनंतर ती अशी झाली:

लाइट गेली.
आई ओट्यावर, पुढ्यात मेथीची जुडी,
काडी काडी चाचपून, पान खुडून, देठ बाजूला सारून, पुन्हा हात जुडीकडे नेऊन
निवडत राहिली अंधारात.
कुणी बोललं नाही.
मेथी संपली तेव्हा
लाइट आली.

पहिल्या चार ओळींचे उच्चार आता ४, १२, २४, ८ असे आहेत. ‘लाइट गेली’ हे छोटं वाक्य घरात अंधार होतो तसं एकदम पडतं. दुसऱ्या ओळीत क्रियापदच नाही, त्यामुळे आवाज खाली न येता तरंगत राहतो. तिसरी ओळ माझा पूर्ण श्वास घेते.

त्या तिसऱ्या ओळीतलं काम ‘ऊन’ने केलं आहे. चाचपून, खुडून, सारून, नेऊन. ‘ऊन’ प्रत्ययाचं रूप वाक्य संपवत नाही. ते आवाज वर धरून ठेवतं, पुढे काहीतरी आहे असं सांगत राहतं. मराठीत लांब वाक्य धाप न लागता चालवायचं असेल तर याच्याइतकं भरवशाचं साधन मला सापडलेलं नाही. आईच्या हाताची पुन्हा पुन्हा होणारी हालचालही त्याच रूपांमधून आली, त्यासाठी वेगळं विशेषण लागलं नाही. मग ‘निवडत राहिली’ला श्वास सुटतो. ‘अंधारात’ क्रियापदाच्या मागे गेल्याने ओळ क्रियेवर न संपता जागेवर संपते.

मात्र सगळीच क्रियापदं गाळली की कविता तारेच्या मजकुरासारखी होते. सात ओळींत एक ओळ बिनक्रियापदाची, एवढं इथे पुरलं. आणि ‘अंधारात’सारखा शब्द दर कडव्यात मागे नेला की त्याचीही सवय लागते, मग कान त्याला दाद देत नाही.

३. लांब वाक्यानंतरचं छोटं वाक्य.

‘कुणी बोललं नाही’ यात तसं काहीच नाही. ते एकटं वाचलं तर बातमी आहे. २४ उच्चारांची ओळ पोटात घेतलेल्या लांब वाक्यामागून, श्वास रिकामा झालेला असताना ते येतं, म्हणून शांतता ऐकू येते. कविता अडली की मी आधी शब्द बदलत नाही, शेजारच्या वाक्यांची लांबी बदलून पाहतो.

४. आठाचा मोह ओळखावा.

आपल्या कानात लहान अभंगाची आठ अक्षरं आणि मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार मुरलेली आहेत. त्यामुळे मुक्तछंदात लिहितानाही हात नकळत आठावर जातो. अशा तीन ओळी सलग आल्या की ऐकणारा चौथीची वाट पाहू लागतो. ती आली नाही तर त्याला ठेच लागते, आली तर तो यमक शोधू लागतो. वर दिलेला पहिला खर्डा असाच आठ-नऊच्या खोबणीत गेला होता. सलग तीन ओळी सारख्या भरल्या की मी मधली मोडतो. ठेका मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, मग तो पूर्ण पाळावा.

५. तोडलेली प्रत्येक ओळ थांबायला लावते.

शब्दयोगी अव्यय शब्दापासून तोडून पुढच्या ओळीत टाकलेलं मी नव्या कवितांमध्ये पाहतो. ‘जुडी’ एका ओळीत, ‘कडे’ दुसऱ्या. बोलताना तिथे कुणीच श्वास घेत नाही, म्हणून वाचणारा अडखळतो. धाप, हुंदका किंवा तुटलेलं बोलणं दाखवायचं असेल तर ते चालतं, एरवी नाही.

‘मेथी संपली तेव्हा’ इथे मात्र मी वाक्य मुद्दाम मध्येच तोडलं आहे. ‘तेव्हा’वर आवाज वर राहतो आणि मराठी बोलणारा माणूस तिथे खरोखर थांबतो.

६. शेवटचं वाचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं.

आपला श्वास आपल्या ओळींना सरावलेला असतो. मेथीची कविता मी बायकोला न सांगता वाचायला दिली. लांब ओळ तिने दोन श्वासांत वाचली. ‘सारून’नंतर ती थांबली. तिथे स्वल्पविराम होता म्हणून अर्थ तुटला नाही. लांब ओळीत असे आतले थांबे ठेवायलाच हवेत, कारण वाचणाऱ्याची छाती आपल्याएवढी असेलच असं नाही.

‘कुणी बोललं नाही’नंतर ती बराच वेळ गप्प राहिली. ‘मेथी संपली तेव्हा’ वाचायला तिने पुन्हा पूर्ण श्वास घेतला. छापायला पाठवताना मी त्या दोन ओळींच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडली.